धागा: एक्सेलमध्ये खाते नंबरचा शेवटचा आकडा शून्य होतोय, पगाराची फाईल परत आली

टॉवेल_हिशेब
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेल कारखान्याचं पगारपत्रक बघतो. कामगार २१४. त्यातल्या ३८ जणांची खाती पंजाब नॅशनल बँकेत आहेत, नंबर १६ अंकी. या महिन्यात पगाराची फाईल बँकेत अपलोड केली, तर ३८ पैकी ३५ जणांचे पैसे 'खातं अस्तित्वात नाही' म्हणून परत आले. शीट उघडून बघितलं तर त्या कॉलममधल्या सगळ्या नंबरांचा शेवटचा आकडा ० झालाय. बाकी बँकांची खाती ठीक आहेत. सेलचं फॉरमॅट Text केलं, तरी शून्य तसंच. एक्सेल २०१६ आहे. मूळ आकडे परत कसे आणायचे? पगार अडकलाय, लोक दारात उभे आहेत.

भवानीपेठ
तो बिघाड नाही ओ. बँका आणि आधारवाले हल्ली नंबर झाकूनच देतात, सुरक्षेसाठी. ज्यांच्याकडून यादी आली त्यांच्याकडं पूर्ण नंबर मागा, मिळेल.

होटगी_रोड
सोपं आहे. कॉलम सिलेक्ट करा, Ctrl+1, Number, Decimal places 0, OK. आमच्या यादीत आधार नंबर `2.34568E+11` असे दिसायचे, हे केलं की सगळे १२ आकडे जागेवर. डेटा आत असतोच, फक्त दिसत नाही.

नाना_लेजर
भवानीपेठ, झाकलेल्या नंबरात X किंवा चांदण्या असतात आणि त्या बहुधा सुरुवातीच्या आकड्यांवर, शेवटचे चार उघडे ठेवतात. इथं बरोब्बर उलट झालंय.

होटगी रोड, तुमचा उपाय आधारसाठी शंभर टक्के बरोबर, या प्रश्नासाठी शंभर टक्के चूक. आधार १२ अंकी. एक्सेल संख्येतले १५ आकडे सांभाळतं, त्यामुळं तिथं फक्त दाखवण्याची पद्धत बदललेली असते. १६ वा आकडा मात्र एक्सेल आत घेतानाच टाकून देतं आणि त्या जागी ० भरतं. तो सेलमध्ये नाही, फाईलमध्येही नाही. फॉरमॅट बदलून तो येणार नाही, कारण फॉरमॅट म्हणजे आत जे आहे ते कसं दाखवायचं एवढंच.

टॉवेल हिशेब, तुमची बाकी खाती का वाचली तेही यातच आलं. बँक ऑफ महाराष्ट्रचे नंबर ११ अंकी, बँक ऑफ इंडियाचे १५ अंकी. १५ म्हणजे अगदी काठावर, पण आत.

आता दोन गोष्टी सांगा. एक, शेवटी एकच शून्य आहे की शून्यांची रांग? दोन, परत न आलेले जे तीन आहेत, त्यांचे पैसे जमा झाले म्हणून कोण म्हणतंय, कामगार की बँकेचा रिपोर्ट?

टॉवेल_हिशेब
एकच शून्य. रांग नाही. तिघांचं बँकेच्या रिपोर्टमध्ये 'सक्सेस' आहे, म्हणून त्यांना विचारलं नाही.

नाना_लेजर
आधी त्या तिघांना विचारा. ३५ जणांचे पैसे परत आलेत, ते कुठं जात नाहीत. खरी काळजी त्या तिघांची आहे.

कारण असं. ३८ नंबरांपैकी तीन-चार नंबर मुळातच ० ने संपत असणार, दहा आकड्यांत तेवढं येतंच. त्यांचं काही बिघडलेलं नाही, पैसे बरोबर गेले. पण असंही होऊ शकतं की खरा नंबर ७ ने संपतो, तुम्ही पाठवला ० ने संपणारा, आणि तो नंबर त्याच शाखेतल्या दुसऱ्या कुणाचं तरी सुरू असलेलं खातं आहे. मग रिपोर्टमध्ये सक्सेसच दिसणार.

अश्विनी_पतसंस्था
नानांचं बरोबर आहे. एनईएफटीत पैसे जमा होतात ते खाते नंबरावर. फाईलमध्ये नावाचा कॉलम असला तरी जमा करणारी बँक नाव जुळवून बघेल असं धरून चालू नका. रिझर्व्ह बँकेनं १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांना लाभार्थीचं नाव दाखवायची सोय द्यायला सांगितलं होतं, पण ती पैसे पाठवणाऱ्यानं स्वतः बघायची असते. दोनशे ओळींची फाईल एकदम चढवताना ते कोण बघत बसतं?

तिघांच्या पासबुकाचा फोटो मागवा. एखाद्याचा नंबर वेगळा निघाला तर त्याच दिवशी यूटीआर नंबरासह आपल्या बँकेला लेखी कळवा, ईमेलची पोच ठेवा. समोरच्या खातेदाराच्या संमतीशिवाय पैसे मागं घेणं बँकेला अवघड असतं, त्यामुळं त्यानं काढायच्या आत कळलेलं बरं.

होटगी_रोड
नाना, म्हणजे १६ वा आकडा गेला तो गेलाच? Ctrl+Z, जुनी व्हर्जन, काहीच नाही?

नाना_लेजर
Ctrl+Z फाईल बंद करेपर्यंतच. जुनी प्रत असेल तर उत्तमच, पण ती उघडण्यापूर्वी नुकसान कुठं झालं ते समजून घ्या, नाहीतर बरी प्रतही हातानं बिघडवाल. एक खोटा नंबर घेऊन दाखवतो.

खरा नंबर `7123456700045637`. General फॉरमॅटच्या सेलमध्ये टाईप करून एंटर मारलं की दिसतं `7.12346E+15`, आणि वर फॉर्म्युला बारमध्ये `7123456700045630`. लक्षात घ्या, एक्सेल इथं जवळच्या दहाकडं नेत नाही, सरळ कापतं. शेवटी ९ असता तरी पुढं ६४० झालं नसतं, ६३०च राहिलं असतं. हा पहिला प्रकार: एकच शून्य.

आता हीच शीट CSV म्हणून सेव्ह केली तर? CSV मध्ये एक्सेल सेलमध्ये जे दिसतंय ते लिहितं. म्हणजे फाईलमध्ये अक्षरशः `7.12346E+15` जातं. पुन्हा उघडलं की तो नंबर होतो `7123460000000000`. हा दुसरा प्रकार, शून्यांची रांग. इथं फक्त पहिले सहा आकडे उरले, तेही सहावा एकानं वर ढकललेला.

टॉवेल हिशेब यांच्याकडं एकच शून्य आहे, म्हणजे पहिले १५ आकडे शाबूत आहेत आणि नुकसान शीटमध्येच झालंय, CSV च्या फेऱ्यात नाही.

टॉवेल_हिशेब
पण गेल्या महिन्यात याच शीटवरून पगार व्यवस्थित गेला होता. तेव्हा शून्य नव्हतं. मधल्या काळात कुणी नंबर टाईप केलेले नाहीत.

नाना_लेजर
टाईप करायची गरज नाही. कॉलम Text असला की सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येतो. तो नकोसा वाटतो, म्हणून कुणीतरी अख्खा कॉलम सिलेक्ट करून पिवळ्या चिन्हावर क्लिक करतं आणि Convert to Number देतं. त्रिकोण जातात, सोबत १६ वा आकडाही जातो. एकही प्रश्न विचारला जात नाही.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे मोकळ्या जागा काढणं. पासबुकावरून नंबर चार-चारच्या गटात लिहिलेले असतात, `7123 4567 0004 5637`. जागा असेपर्यंत एक्सेल त्याला मजकूर समजतं. Ctrl+H करून जागा काढल्या की ते म्हणतं, अरे हा तर आकडा, आणि कापतं. जागा काढायच्या तर शेजारच्या कॉलममध्ये

```
=SUBSTITUTE(A2," ","")
```

हे लिहा. याचं उत्तर मजकूरच राहतं. नंतर Paste Special मधून Values पेस्ट करा. `=VALUE(A2)`, `=A2*1`, `=--A2` यांतलं काहीही लांब नंबरला लावू नका.

आकडा झालाय की मजकूर आहे हे नुसत्या नजरेनंही कळतं. कुणी अलाइनमेंट बदललं नसेल तर मजकूर सेलमध्ये डावीकडं चिकटतो, आकडा उजवीकडं.

टॉवेल_हिशेब
बघितलं. सगळे उजवीकडं. नवीन मुलगा रुजू झालाय, त्यानं 'शीट स्वच्छ केली' म्हणतोय. हिरवे त्रिकोण काढले.

कडक_भाकरी
त्या पोराला रागवू नका, पिवळं चिन्ह दाखवून तसं करायला एक्सेलच सुचवतं. त्रिकोणच नको असतील तर File > Options > Formulas मध्ये खाली `Numbers formatted as text or preceded by an apostrophe` ची खूण काढा. त्रिकोण बंद, डेटा जागेवर.

कुठले सेल बिघडलेत ते एका फॉर्म्युल्यानं कळेल. खाते नंबर B कॉलममध्ये आहे असं धरतो:

```
=AND(ISNUMBER(B2),B2>=10^15)
```

१० चा १५ वा घात ही सगळ्यात लहान १६ अंकी संख्या. सेल आकडा आहे आणि १६ अंकी किंवा मोठा आहे, म्हणजे त्याचं शेपूट कापलेलं असू शकतं. TRUE वर फिल्टर लावा, तेवढीच यादी तपासायची. 'शेवटी शून्य आहे का' हे शोधत बसू नका, त्यात खरे शून्यवालेही येतात.

एक गंमत आहे. १६ अंकी नंबर ० ने सुरू होत असेल, उदाहरणार्थ `0123456700045637`, तर एक्सेल पुढचं शून्य उडवतं आणि उरतात नेमके १५ आकडे. मग शेवट कापला जात नाही! १५ ची मोजणी पहिल्या शून्येतर आकड्यापासून होते. असे नंबर वरच्या फॉर्म्युल्यात FALSE येतील आणि ते दुरुस्तही होतात:

```
=TEXT(B2,"0000000000000000")
```

अवतरणात १६ शून्यं आहेत, मोजून टाका. पीएनबीचे बरेच नंबर शून्यानं सुरू होतात, तेव्हा तुमच्या ३८ मध्ये असे आहेत का बघा.

टॉवेल_हिशेब
नाहीत. ३८ च्या ३८ TRUE आले. एकाच शाखेची खाती आहेत.

होटगी_रोड
पण १५ च का? कॉम्प्युटरला १६ वा आकडा जड होतो का काय?

कडक_भाकरी
एक्सेल प्रत्येक संख्या ६४ बिटांत ठेवतं, आयईईई ७५४ नावाच्या १९८५ च्या मानकाप्रमाणं. त्यात आकड्यांसाठी ५३ बिटांची अचूकता मिळते. २ चा ५३ वा घात म्हणजे 9007199254740992. इथपर्यंत प्रत्येक पूर्ण संख्या नेमकी मावते. त्याच्या पुढं विषम संख्यांना जागाच नाही, एकाआड एक ठेवता येते. म्हणजे काही १६ अंकी संख्या मावतात, काही नाही. १५ अंकी मात्र सगळ्या मावतात. एक्सेलनं सरसकट १५ वर रेघ ओढली. तुमचा ७१२३… ने सुरू होणारा नंबर खरं तर मावला असता, तरी कापला.

शाळेचा_लिपिक
आमच्याकडं याहून वाईट आहे, म्हणून विचारतो. विद्यार्थ्यांचे सरल आयडी १९ अंकी. यादी एक्सेलमध्ये घेतली की अख्ख्या वर्गाला एकच आयडी येतो. हे याच कारणानं का वेगळं काही? पोर्टलची चूक समजून आम्ही तक्रार करणार होतो.

नाना_लेजर
तक्रार करू नका, पोर्टल निर्दोष आहे. सरल आयडीची रचना बघा: पहिले ४ आकडे वर्ष, पुढचे ११ शाळेचा यूडायस, शेवटचे ४ विद्यार्थ्याचा क्रम. चार आणि अकरा, पंधरा. एक्सेलची कात्री नेमकी यूडायस संपतो तिथं लागते आणि क्रमाच्या जागी `0000` येतं. एका शाळेतली, एका वर्षाची सगळी मुलं मग एकच. गेलेले चार आकडे अंदाजानं भरता येत नाहीत. पोर्टलवरून यादी नव्यानं घ्या आणि थेट डबल क्लिक करून उघडू नका. कशी उघडायची ते खाली सगळ्यांसाठीच लिहितो.

कडक_भाकरी
इथं एक सापळा आहे, सर. आयडी मजकूर म्हणून व्यवस्थित आले तरी दुबार नावं शोधायला `COUNTIF` वापरलंत तर पुन्हा सगळे दुबार दिसतील. `COUNTIF` मजकुरातल्या आकड्यांनाही संख्या समजून तोलतं, आणि तोलताना १५ च्या पुढचं बघत नाही. Conditional Formatting मधलं Duplicate Values तसंच फसतं. त्याऐवजी:

```
=SUMPRODUCT(--($B$2:$B$300=B2))
```

साधं `=` मजकूर अक्षर-अक्षर जुळवतं. उत्तर १ च्या वर आलं तरच खरा दुबार.

टॉवेल_हिशेब
अरे! गेल्या वर्षी आम्ही दोन कामगारांना 'दोघांचं खातं एकच कसं' म्हणून बोलावलं होतं. COUNTIF नं दाखवलं होतं. कॅम्प लावून एकाच दिवशी खाती काढलेली, नंबर लागोपाठचे. शेवटचाच आकडा वेगळा होता तर.

अश्विनी_पतसंस्था
कॅम्पमधली लागोपाठची खाती असतील तर माझी काळजी वाढली. …5637, …5638, …5639 हे तिघंही कापल्यावर …5630 होतात. आणि …5630 हाही तुमच्याच कारखान्यातल्या कुणाचा खरा नंबर असू शकतो. म्हणजे चौघांचा पगार एकाच्या खात्यात. बँक परत पाठवणार नाही, कारण खातं आहे. त्या तीन 'सक्सेस'मध्ये दोन ओळी एकाच नंबराच्या आहेत का बघा.

टॉवेल_हिशेब
बघितलं. तिन्ही नंबर वेगवेगळे. दोघांचे पासबुक फोटो आले, दोघांचेही नंबर खरोखर ० ने संपतात. तिसरा बोरामणीचा आहे, चार दिवस रजेवर, फोन लागत नाही.

होटगी_रोड
मी एक वाचलंय. कार्डाचा शेवटचा आकडा आधीच्या पंधरांवरून काढता येतो म्हणे. मग खात्याचाही काढा की! पासबुकं गोळा करायची कटकट नाही.

कडक_भाकरी
अर्धं बरोबर. कार्डाचा १६ वा आकडा तपासणीचाच असतो. चाचणीसाठी सगळीकडं वापरतात तो नंबर घ्या, `4111111111111111`. एक्सेलमध्ये होतो `4111111111111110`. शेवटचं शून्य सोडून द्या. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे दुप्पट करा, दुप्पट ९ च्या वर गेली तर ९ वजा करा. इथं ४ चे ८ आणि सात एक्क्यांचे १४, झाले २२. मधले सात एक्के जसेच्या तसे, ७. एकूण २९. पुढचा दहाचा पाढा ३०, म्हणून शेवटचा आकडा १. आधारच्या १६ अंकी व्हीआयडीचाही शेवटचा आकडा तपासणीचा असतो, पण त्याचं गणित वेगळं, हातानं करण्यासारखं नाही.

बँक खात्याला मात्र असा एकच सर्वमान्य नियम नाही. हे गणित खात्याला लावाल तर आकडा निघेल, तो चूक निघेल, आणि तुम्हाला तो बरोबर वाटेल.

अश्विनी_पतसंस्था
काही बँकांच्या खाते नंबरातही तपासणीचा आकडा असतो ना? मग चुकीचं शून्य बँकेच्या सिस्टीमनं नाकारलं असतं.

कडक_भाकरी
असेलही. पण ते बँकेच्या आतलं, बाहेर छापलेलं नाही. त्या भरवशावर पगार पाठवायला मी तयार नाही.

अश्विनी_पतसंस्था
मान्य. आणि कार्डाचं गणित कळलं म्हणून ग्राहकांच्या कार्डांच्या याद्या एक्सेलमध्ये ठेवू नका कुणी. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला पूर्ण कार्ड नंबर साठवून ठेवता येत नाही. ताळमेळासाठी शेवटचे चार आकडे ठेवता येतात, तेवढे पुरतात. तेही कापलेल्या नंबरावरून `RIGHT` नं काढले तर चौथा आकडा खोटाच.

नाना_लेजर
आता टॉवेल हिशेब यांचं काम. मूळ नंबर मिळवायच्या जागा, माझ्या पसंतीच्या क्रमानं.

पहिली, गेल्या महिन्यात बँकेत चढवलेली फाईल. पगार व्यवस्थित गेला म्हणजे तिच्यात नंबर पूर्ण आहेत. ती CSV किंवा txt असेल. डबल क्लिक करू नका. राईट क्लिक, Open with, Notepad. तिथं १६ आकडे दिसले की काम झालं. त्या फाईलची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि प्रतीवरच काम करा.

दुसरी, बँकेचा गेल्या महिन्याचा पेमेंट रिपोर्ट, पण पीडीएफमध्ये. एक्सेलमध्ये डाऊनलोड केलात तर पुन्हा त्याच चक्रात.

तिसरी, रुजू होतानाच्या पासबुकाच्या झेरॉक्सा. याला वेळ लागतो आणि हातानं टाईप करताना नवी चूक होते, म्हणून शेवटी.

जुनी फाईल शीटमध्ये आणायची अशी: कोरी वर्कबुक, Data टॅब, Get External Data, From Text. विझार्डच्या पहिल्या पायरीत Delimited, दुसरीत Comma. तिसऱ्या पायरीत खाली दिसणाऱ्या खाते नंबरच्या कॉलमवर क्लिक करून वर Text निवडा. ही तिसरी पायरीच महत्त्वाची, घाईत लोक इथं Finish मारतात. शाळेच्या लिपिकांनीही हेच करायचं.

नवीन एक्सेल असेल तर From Text/CSV, मग Transform Data. तिथं एक फसगत आहे: त्या खिडकीत १६ आकडे पूर्ण दिसतात, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण कॉलमचा प्रकार पूर्णांक असतो आणि शीटमध्ये उतरताना कापला जातो. कॉलमच्या नावाशेजारच्या `123` वर क्लिक करून Text करा, विचारलं तर Replace current म्हणा.

होटगी_रोड
माझ्याकडं ३६५ आहे. यात एकदाच सेटिंग करून मोकळं होता येत नाही का?

नाना_लेजर
येतं. File > Options > Data, खाली Automatic Data Conversion. तिथं `Keep first 15 digits of long numbers` नं सुरू होणारी ओळ आहे, तिची खूण काढा. मग लांब नंबर मजकूर म्हणून राहतो. पण ही सेटिंग तुमच्या मशीनची, फाईलची नाही. फाईल दुसऱ्या टेबलावर गेली आणि तिथं कुणी नंबर भरले की पुन्हा तेच. शिवाय Convert to Number तुम्ही स्वतः दाबलंत तर सेटिंग आड येत नाही. २०१६ मध्ये ही सोय नाहीच.

टॉवेल_हिशेब
गेल्या महिन्याची CSV सापडली. नोटपॅडमध्ये ३८ च्या ३८ पूर्ण! तिसऱ्या पायरीत Text देऊन आणली, डावीकडं चिकटलेले आहेत. आता पुढं पुन्हा असं होऊ नये म्हणून कॉलम नुसता Text ठेवला तर पुरे का, की प्रत्येक नंबरापुढं `'` लावू?

नाना_लेजर
दोन्हीचा परिणाम एकच, आणि `'` CSV मध्ये जात नाही, त्यामुळं चालतं. पण रिकामा कॉलम आधी Text करून मगच भरणं मला जास्त पसंत. नंतर Text करण्याला अर्थ नाही, ते तुम्ही अनुभवलंच.

त्यावर पहारा ठेवा. IFSC C कॉलममध्ये असेल तर:

```
=AND(ISTEXT(B2),IF(LEFT(C2,4)="PUNB",LEN(B2)=16,TRUE))
```

FALSE आला की फाईल बँकेत जाणार नाही, असा नियमच करा. `ISTEXT` काढू नका, नुसतं `LEN` कापलेल्या नंबरालाही १६ च म्हणतं. Data Validation मध्येही हे घालता येईल, पण पेस्ट केलं की व्हॅलिडेशन गप्प बसतं, म्हणून वेगळा कॉलमच बरा.

आणि CSV तयार झाल्यावर ती 'एकदा बघून घेतो' म्हणून एक्सेलमध्ये उघडायची नाही. उघडलीच, बंद करताना सेव्ह करू का विचारलं, तर Don't Save. बघायचं ते नोटपॅडमध्ये.

कडक_भाकरी
ज्यांची यादी गुगल शीटमध्ये असते त्यांनी कॉलमला आधी Format > Number > Plain text द्यावं. इथून तिथं कॉपी-पेस्ट करतानाही, जिथं पेस्ट करणार तो कॉलम आधी तयार ठेवायचा.

शाळेचा_लिपिक
नाना, तिसऱ्या पायरीत Text दिलं, १९ च्या १९ आकडे आले. पण मुख्याध्यापक तीच यादी पेन ड्राइव्हवर CSV मागतात आणि त्यांच्या मशीनवर डबल क्लिक करतात. त्यांना काय द्यावं?

नाना_लेजर
त्यांना xlsx द्या, कॉलम Text ठेवूनच. xlsx मध्ये सेलचा प्रकार फाईलसोबत जातो, CSV मध्ये फक्त अक्षरं जातात आणि उघडणारं एक्सेल आपल्या मनानं ठरवतं.

टॉवेल_हिशेब
३५ जणांची फाईल पुन्हा चढवली, सगळे जमा. बोरामणीच्या माणसाचा जुन्या CSV मधला नंबर बघितला, तो ४ ने संपतो. म्हणजे त्याचा पगार ० वाल्या कुणाच्या तरी खात्यात गेलाय. तो ० वाला नंबर आमच्या २१४ मध्ये नाही. यूटीआरसह आमच्या बँकेला आत्ताच ईमेल केलाय. समोरच्या शाखेत स्वतः जाऊन सांगितलं तर चालतं का, की आपल्या बँकेमार्फतच जावं लागतं?

अश्विनी_पतसंस्था
लेखी तक्रार आपल्या बँकेमार्फतच, तीच पुढं चालते. समोरच्या शाखेत जायला हरकत नाही, पण ते खातेदाराचं नाव किंवा फोन तुम्हाला देणार नाहीत. ईमेलमध्ये गेल्या महिन्याची यशस्वी ओळ आणि या महिन्याची ओळ एकाखाली एक लिहा. एकच माणूस, एकच IFSC, पंधरा आकडे तेच आणि सोळावा वेगळा, हे दिसलं की त्यांना चूक लगेच कळेल. कामगाराचा पगार तोवर थांबवू नका, तो वेगळा पाठवा.

टॉवेल_हिशेब
पाठवतो. उत्तर आलं की इथंच लिहितो.